हवा पाच अंशांवर, तरी ताटात बर्फ !



डिसेंबर-जानेवारीत रावेर, यावल, चोपडा किंवा शिरपूर, साक्री भागात शिवारफेरीला गेलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, वर्तमानपत्रात किमान तापमान सहा अंश छापले होते. घरच्या थर्मामीटरवरही पाच अंशच होते. पण पहाटे खळ्यात राहिलेल्या परातीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी दिसली. पाणी तर शून्य अंशाला गोठते. मग थर्मामीटर खोटा की पेपर खोटा ?"

दोन्ही खरे आहेत आणि परातही खरी आहे. पाच अंशांच्या हवेत पाणी गोठू शकते. हे कसे घडते ते नीट समजून घेतले, तर आपल्या पिकाचे पान रात्री किती थंड होते, थंडी कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यावर कोणता उपाय चालेल, या तिन्ही गोष्टी एका साध्या ताटावरून कळतात. सदर लेखात त्याचीच माहिती देत आहे.

थर्मामीटर काय मोजतो ?

हवामान केंद्रातील थर्मामीटर उघड्यावर ठेवलेला नसतो. तो झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर असतो. या पेटीला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. तिला छप्पर असते. त्यामुळे दिवसा ऊन थर्मामीटरला लागत नाही आणि रात्री त्याच्यावर उघडे आकाशही येत नाही. पेटीतून हवा खेळते आणि थर्मामीटर फक्त त्या हवेचे तापमान सांगतो. वर्तमानपत्रात छापून येतो तो हाच आकडा.

आपले पीक मात्र पेटीत नसते. ते उघड्या आकाशाखाली असते. म्हणून कृषि हवामान केंद्रांवर आणखी एक थर्मामीटर जमिनीलगत, गवताच्या टोकांच्या उंचीवर, वर काहीही आडोसा न ठेवता रात्री मांडतात. त्याच्या नोंदीला गवत किमान तापमान म्हणतात. निरभ्र आणि शांत रात्री हा आकडा पेटीतल्या आकड्यापेक्षा काही अंशांनी कमी येतो. परातीतल्या पाण्याची गोष्ट या दुसऱ्या थर्मामीटरसारखी आहे.

उष्णता जाते कुठे ?

प्रत्येक वस्तू आपल्या अंगची उष्णता किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असते. चुलीपुढे बसले असता मध्ये हवा असूनही चेहऱ्याला धग लागते, ती याच किरणांमुळे. पाणी, माती, पान, भिंत हेही असेच किरण टाकतात, मात्र ते कमी उष्ण असल्यामुळे आपल्याला जाणवत नाहीत.

दिवसा सूर्याकडून येणारी उष्णता जास्त असते, म्हणून वस्तू तापतात. रात्री ती आवक बंद होते. आता वस्तूला परत मिळते ती फक्त वरच्या हवेकडून येणारी धग. ही धग मुख्यतः हवेतील बाष्प आणि ढग देतात. आकाशात ढग असले तर पांघरूण घातल्याप्रमाणे गेलेली बरीचशी उष्णता परत येते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असले तर हे पांघरूण विरळ होते आणि उष्णता त्यातून थेट अंतराळात निघून जाते.

याचा हिशोब मांडून पाहू. शून्य अंशाला आलेले एक चौरस मीटर पाणी आकाशाकडे किरणांद्वारे जेवढी उष्णता टाकते आणि कोरड्या निरभ्र आकाशाकडून जेवढी परत मिळवते, त्यांतील फरक सुमारे ७० वॅट येतो. म्हणजे एका तासाला साधारण ६० किलोकॅलरी उष्णता पाण्यातून वर निघून जाते.

पण ताटाला उष्णता मिळण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे भोवतालची हवा. ती पाच अंशांवर आणि पाणी शून्यावर असेल, तर शांत हवेत ताशी सुमारे २२ किलोकॅलरी हवेकडून पाण्यात येते. दुसरा मार्ग म्हणजे खालची जमीन. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्रीही उबदार असते. ताट थेट जमिनीवर ठेवले तर ती भरपूर उष्णता पुरवते. पण ताटाखाली कोरड्या काडाचा वीतभर थर असेल तर जमिनीची उष्णता पाच किलोकॅलरीच्या आसपासच मिळते.

जमा-खर्च असा झाला : खर्च ६०, जमा २२ अधिक ५, म्हणजे २७. दर तासाला ३३ किलोकॅलरीचा तोटा ! हा तोटा आहे तोवर पाणी शून्यावर थांबत नाही, ते गोठू लागते. हवा पाच अंशांवर असली म्हणून पाण्याने पाच अंशांवर थांबावे असा नियम नाही. पाण्याचा मुख्य व्यवहार हवेशी नसून आकाशाशी आहे.

जुना दाखला

हे ज्ञान आपल्या देशात नवे नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सर रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबाद आणि कलकत्ता भागात बर्फ करण्याची देशी रीत पाहिली आणि तिचे वर्णन लंडनमध्ये १७७५ साली प्रसिद्ध झाले. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे घेत. त्यांच्या तळाशी उसाचे पाचट किंवा मक्याची वाळलेली ताटे आठ इंच ते फूटभर जाडीने पसरत. त्यावर न भाजलेल्या चकाकीची, म्हणजे पाणी झिरपणारी, मातीची उथळ परळे ओळीने मांडत. परळाची खोली सव्वा इंच. संध्याकाळी त्यात पाणी भरायचे आणि सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करायचा, असा क्रम होता. तो बर्फ काड आणि जाड कांबळी लावलेल्या खोल खड्ड्यात साठवून उन्हाळ्यात वापरत. त्या भागात तळ्या-डबक्यांत नैसर्गिक बर्फ झाल्याचे आपण पाहिले वा ऐकले नाही, असेही बार्कर नमूद करतात.

अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंचीवर आहे. आपले जळगाव आणि धुळे त्याहून उंच आहेत. म्हणजे बर्फ होण्यास डोंगरच हवा असे नाही. अक्षांशाने आपण त्यांच्या दक्षिणेस आहोत, त्यामुळे अशा रात्री आपल्याकडे थोड्या येतात, एवढाच फरक. डोंगरावर त्या अधिक मिळतात. सातपुड्यात तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब या भागात, तसेच महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात आणि त्या दिवशी गावाचे नोंदलेले तापमान शून्याच्या वर असते, त्याचे कारण हेच होय.

त्या काळी अनेकांची समजूत अशी होती की माठातील पाण्याप्रमाणे बाष्पीभवनामुळे परळातील पाणी गोठते. बाष्पीभवनाची थोडी मदत कोरड्या रात्री होतेच. पण वाराणसीच्या पद्धतीचे जे वर्णन १७९३ मध्ये छापले गेले, त्यात काड कोरडे असणे आवश्यक असून ओले झाल्यास ते बदलत, अशी नोंद आहे. बाष्पीभवन हेच कारण असते तर ओल्या काडाने बर्फ अधिक झाला असता. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ च्या दवावरील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा धरून दाखवून दिले की खरे कारण आकाशाकडे जाणारी उष्णता आहे. काड हे खालची उष्णता अडवण्यासाठी आहे, म्हणून ते कोरडेच हवे.

ताट उथळ का हवे ?

एक लिटर पाणी २० अंशांवरून शून्यावर आणण्यासाठी त्यातून २० किलोकॅलरी काढावी लागते. पण शून्यावरील त्याच पाण्याचा बर्फ करण्यासाठी आणखी ८० किलोकॅलरी, म्हणजे चौपट, काढावी लागते. रात्र मर्यादित असते. आपल्याकडे डिसेंबरात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सुमारे तेरा तास मिळतात.

एक चौरस मीटरवर पाच मिलिमीटर पाणी म्हणजे पाच लिटर. ते २० अंशांवरून शून्यावर आणण्यासाठी १०० किलोकॅलरी गेली पाहिजे. पाणी उबदार असताना तोटा अधिक असतो, म्हणून हे काम दीड-दोन तासांचे आहे. प्रत्यक्षात हवाही रात्रभर हळूहळू निवत जाते, त्यामुळे पाणी शून्यावर पोचायला मध्यरात्र उलटते. त्यानंतर एक मिलिमीटर जाडीचा बर्फ होण्यास ८० किलोकॅलरी लागते. ताशी ३३ च्या तोट्याने त्याला सुमारे अडीच तास लागतील. म्हणजे रात्री दोनला गोठण्यास सुरुवात झाली, तर सूर्योदयापर्यंत दीड-दोन मिलिमीटरची पापडी मिळेल.

हेच पाणी पाच सेंटिमीटर खोल असेल तर नुसते शून्यावर आणण्यासाठीच हजार किलोकॅलरी काढावी लागेल आणि रात्र तेवढ्यात संपेल. म्हणून हौदात, बादलीत बर्फ दिसत नाही आणि शेजारच्या परातीत दिसतो.

हवेच्या तापमानालाही मर्यादा आहे. हवा आठ अंशांवर असेल तर तिच्याकडून येणारी उष्णता वाढते, वरून मिळणारी धगही वाढते आणि तोटा ताशी दहा किलोकॅलरीवर येतो. तेवढ्यात कडेला बर्फाची सुई दिसली तरी पुष्कळ. दहा अंशांवर जमा-खर्च जवळपास सारखा होतो. म्हणून पेटीतील तापमान पाच-सहा अंश किंवा त्याखाली असेल तेव्हाच बर्फाची अपेक्षा धरावी.

तीन ताटांची चाचणी

ही चाचणी घरच्या सामानावर होते. एकसारखी तीन ताटे घ्यावीत, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची. स्टील, जर्मन किंवा मातीचे परळ, काहीही चालेल. ताट काळे असो की पांढरे, फरक पडत नाही, कारण उष्णता टाकण्याचे काम पाण्याचा पृष्ठभाग करतो.

१) जागा मोकळी निवडावी. झाड, भिंत किंवा शेड यांपासून त्यांच्या उंचीच्या दोन-तीन पट दूर राहावे. अर्धे आकाश झाकले गेले तर तोटाही जवळपास अर्धा होतो.

२) पहिले ताट कोरड्या काडाच्या, पाचटाच्या किंवा कडब्याच्या वीतभर जाड थरावर ठेवावे. थराभोवती मातीचा छोटा बांध घालावा, म्हणजे वारा ताटाला लागत नाही.

३) दुसरे ताट तशाच थरावर, पण वर खाट ठेवून तिच्यावर गोणपाट टाकून झाकावे. खाटेच्या चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

४) तिसरे ताट थेट उघड्या जमिनीवर ठेवावे.

५) सूर्यास्तानंतर प्रत्येक ताटात मोजून ३५० मिलिलिटर पाणी घालावे. एवढ्या पाण्याचा थर पाच मिलिमीटर होतो. पाण्यात चिमूटभर बारीक माती टाकावी, तिचे कारण पुढे दिले आहे.

६) चार फूट उंचीवर सावलीत एक थर्मामीटर टांगावा. दुसरा पहिल्या ताटाशेजारी काडावर उघडा ठेवावा. पहाटे पाच वाजता आणि सूर्य उगवण्याच्या वेळी दोन्ही वाचावेत. उजाडण्याच्या सुमारास तापमान सर्वांत खाली असते, म्हणून नंतर उठून पाहिल्यास पापडी वितळलेली असेल.

आता निकाल कसा वाचावा ते पाहू.

पहिल्या ताटात बर्फ, खाटेखालच्या ताटात पाणी : हवा, काड आणि पाणी दोन्हीकडे सारखेच होते, फरक फक्त आकाशाचा. म्हणजे थंडी आकाशाकडे उष्णता गेल्यामुळे आलेली आहे. तिसऱ्या ताटातही पाणीच राहिले असेल तर जमिनीची ऊब अजून शिल्लक आहे, हीही चांगली खूण समजावी.

थर्मामीटर चार-पाच अंशांवर, पण तिन्ही ताटांत पाणी आणि रात्रभर वारा : ही उत्तरेकडून आलेल्या वाऱ्याची थंडी होय. वारा ताटाला सतत हवेची उष्णता पुरवतो, म्हणून पाणी हवेपेक्षा फारसे खाली जात नाही.

तिन्ही ताटांत बर्फ : हवाच शून्याच्या जवळ आली आहे. आपल्याकडे हे क्वचित घडते.

चाचणी कुठे फसते ?

आकाश निरभ्र, वारा नाही, थर्मामीटर चार अंशांवर आणि तरी ताटात बर्फ नाही, असेही होते. पहिली शंका काडाची घ्यावी. ते दवाने किंवा सांडलेल्या पाण्याने ओले झाले असेल तर जमिनीची उष्णता त्यातून वर येते. हात घालून पाहावे.

दुसरी शंका दवाची. नदीकाठी, पाटाजवळ किंवा नुकतेच पाणी दिलेल्या बागेशेजारी हवा दमट असते. अशा हवेतील बाष्प थंड पाण्यावर उतरते आणि एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता ताटात सोडते. ताटाच्या काठांवर आणि काडावर दाट दव दिसले तर कारण हेच समजावे.

तिसरी गंमत पाण्याच्या स्वभावाची आहे. अगदी स्वच्छ आणि निवांत पाणी शून्याखाली दोन-चार अंश जाऊनही द्रवच राहू शकते. गोठण्यास सुरुवात करून देणारा कण त्याला मिळालेला नसतो. अशा ताटाला बोटाने टिचकी मारली की डोळ्यांदेखत बर्फाच्या सुया धावतात. चिमूटभर माती टाकायची ती यासाठीच.

पिकाच्या पानाचे काय ?

केळीचे पान हे आकाशाकडे तोंड केलेले ताटच आहे. फरक इतकाच की त्यात पाच नव्हे, तर अर्धा मिलिमीटरदेखील पाणी नसते. त्यामुळे त्याला निवण्यास तास लागत नाहीत, काही मिनिटे पुरतात. त्याच्या दोन्ही बाजूंना हवा असल्यामुळे ते काडावरील ताटाइतके खाली जात नाही, तरी शांत रात्री भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असते.

केळीला इजा होण्यासाठी बर्फ व्हावा लागत नाही. सुमारे १२ अंशांखालीच तिची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात, घड बाहेर पडताना अडकतो आणि फळाच्या सालीखाली चरका दिसतो. म्हणून उघड्या ताटात बर्फ झाला याचा अर्थ त्या रात्री पानाने बरेच सोसले असा घ्यावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलेल्या कांदेबागेची रोपे यावेळी लहान आणि जमिनीलगत असतात. थंड हवा जड असल्यामुळे ती तळाशी आणि सखल वावरात साचते. त्यामुळे उंच मृगबागेपेक्षा कांदेबागेची आणि हरभऱ्यासारख्या बुटक्या पिकाची काळजी अशा रात्री अधिक.

ताटावरून उपाय कोणता ?

थंडी वाऱ्याची असेल तर शेवरीची ताटी किंवा बागेभोवतीचा आडोसा उपयोगी पडतो. थंडी आकाशाची असेल तर वारा मुळातच नसतो, तेथे आडोसा काही करू शकत नाही. येथे चार गोष्टींचा विचार करावा.

पहिली गोष्ट पाणी. खानदेशात विहिरीचे पाणी हिवाळ्यातही साधारण २५ अंशांचे असते. एक चौरस मीटरवर दहा लिटर पाणी दिले आणि ते दहा अंशांपर्यंत निवले, तर १५० किलोकॅलरी उष्णता मिळते. आकाशाकडे जाणाऱ्या ताशी ६० च्या हिशोबाने ही अडीच तासांची शिदोरी झाली. शिवाय ओली माती दिवसा उष्णता अधिक साठवते आणि रात्री लवकर वर पोचवते. म्हणून पाणी मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे द्यावे. एकरी एवढे पाणी चाळीस हजार लिटर होते, तेव्हा सर्व क्षेत्राला जमणार नसेल तर सखल भाग आणि लहान रोपे आधी घ्यावीत.

दुसरी गोष्ट आच्छादन. येथे बऱ्याच बांधवांची चूक होते. पाचटाचे आच्छादन ओल टिकवते, तण दाबते, हे खरे. पण ज्या काडाच्या थरामुळे आपल्या ताटात बर्फ झाला, तोच थर रोपाखाली असेल तर जमिनीची ऊब त्याखालीच अडकते आणि रोपाच्या पानाला मिळत नाही. आच्छादनाखाली हात घातला तर माती उबदार लागते आणि वरचे पान मात्र काळवंडते, त्याचे हेच कारण. म्हणून कडाक्याच्या दिवसांत लहान रोपांच्या ओळीतील पाचट बाजूला, दोन ओळींच्या मध्ये सारावे आणि रोपाजवळची माती उघडी व ओली ठेवावी. थंडी ओसरली की आच्छादन पुन्हा जागेवर आणावे.

तिसरी गोष्ट झाकण. खाटेखालचे ताट गोठले नाही, हे ध्यानात ठेवावे. रोपावर रात्री गोणपाट, गवत किंवा वाळलेल्या पानांचा आडोसा असला की तो रोप आणि आकाश यांच्यामध्ये येतो. पातळ पारदर्शक पॉलिथीन मात्र एकटे फसवे असते, कारण उष्णतेचे किरण त्यातून बरेचसे आरपार जातात. खाटेवरील गोणपाटाऐवजी असे पॉलिथीन टाकून चौथे ताट मांडल्यास हा फरक पडताळता येईल. झाकण पानाला टेकू देऊ नये आणि सकाळी ऊन आल्यावर काढावे.

चौथी गोष्ट धूर. बागेत ओला कचरा पेटवून धूर करण्याची पद्धत जुनी आहे. पण धुराचे कण इतके बारीक असतात की उष्णतेचे किरण त्यातून सहज निघून जातात. त्यामुळे धूर हा ढगाप्रमाणे पांघरूण होत नाही. फायदा होतो तो शेकोटीच्या उष्णतेचा आणि तिने हवा हलण्याचा. तेव्हा एका कोपऱ्यात मोठा धूर करण्यापेक्षा सखल भागात पहाटे अनेक लहान शेकोट्या बऱ्या. त्यांचा परिणाम मर्यादित असतो, हे मात्र धरून चालावे.

केव्हा सावध व्हावे ?

ताट सकाळी उत्तर देते, तयारी मात्र संध्याकाळी करावी लागते. दोन-तीन दिवस आभाळ राहून एकदम निवळले, दिवसभर उत्तरेचा कोरडा वारा होता आणि सूर्य मावळताना तो पडला, चांदण्या खणखणीत दिसू लागल्या आणि रात्री नऊला थर्मामीटर बारा-तेरा अंशांच्या खाली आला, तर ती रात्र ताटाची रात्र समजावी. त्या रात्री पंपाची सोय करून ठेवावी आणि रोपांवर झाकण घालावे.

दोन-तीन हिवाळे आपल्या वावराच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक ताट मांडून पाहावे. तारीख, पेपरमधील आकडा, आपल्या थर्मामीटरचा आकडा आणि ताटातील पापडीची जाडी एका वहीत लिहावी. पेपरमध्ये किती अंश छापून आले म्हणजे आपल्या वावरात पान गारठते, हे त्या वहीवरून समजेल. प्रत्येक वावराचा हा आकडा वेगळा असतो.